पारदर्शक पेटी आणि बुडबुड्यांशिवायचे सांधे

घरातल्या एखाद्या नाजूक वस्तूवर धूळ बसू नये म्हणून ॲक्रिलिकची पेटी करून घ्यावी, असं अनेकांच्या मनात असतं. शीट कापून मिळते, चिकटवायचं द्रावकही त्याच दुकानात मिळतं, आणि काम तासाभराचं वाटतं. पेटी उभीही राहते. पण उजेडात धरली की प्रत्येक सांध्यात चंदेरी ठिपके चमकतात, कोपऱ्याशी पांढुरका धूर गोठल्यासारखा दिसतो, आणि दर्शनी बाजूवर ओघळाचा डाग पडलेला असतो. पारदर्शक वस्तूत सांधा लपवता येत नाही. म्हणून तो करायची रीत थोडी बारकाईने समजून घ्यायला हवी.

आधी एक गैरसमज दूर करू. यात गोंद नसतो. मेथिलिन डायक्लोराइड, म्हणजे बाजारात ज्याला एमडीसी म्हणतात ते, किंवा क्लोरोफॉर्म ही द्रावकं ॲक्रिलिकचा पृष्ठभाग विरघळवतात. दोन्ही बाजू मऊ होतात, एकमेकींत मिसळतात, द्रावक हळूहळू उडून जातं आणि मागे अखंड प्लॅस्टिक उरतं. मधली फट भरून काढेल असं पाण्यासारख्या पातळ द्रावकात काहीच नाही. जिथे दोन कडा एकमेकींना भिडल्या नाहीत तिथे हवा राहते, आणि तीच नंतर बुडबुडा म्हणून दिसते. साहजिकच निम्म्याहून जास्त काम बाटली उघडण्याआधीचं आहे.

एक नेमकं उदाहरण घेऊ. गलबताच्या लाकडी प्रतिकृतीसाठी लाकडी बैठकीवर उपडं ठेवायचं झाकण करायचं आहे. आतली मोकळी जागा ३०० मिमी लांब, १५० मिमी रुंद आणि २५० मिमी उंच हवी. चार भिंती आणि एक छत, असे पाच तुकडे लागतील. या मापाला ३ मिमीची शीट लवचीक पडते, शिवाय तिची कड इतकी अरुंद असते की सांध्याला अंगच राहत नाही. ५ मिमीची घ्या, आणि ‘कास्ट’ शीट मागा. एक्स्ट्रूडेड शीट स्वस्त असते, पण तयार होतानाच तिच्यात ताण राहिलेले असतात. द्रावक लागलं की त्या ताणांच्या जागी केसासारखे बारीक तडे उमटू शकतात.

कास्ट शीटची अडचण वेगळी आहे. तिची जाडी सांगतात तेवढी नसते. ५ मिमीची म्हणून घेतलेली शीट साडेचारही भरते आणि साडेपाचही, कधी एकाच शीटच्या दोन टोकांना फरक असतो. म्हणून व्हर्नियरने मोजल्याशिवाय कापायला देऊ नका. आपल्या उदाहरणात जाडी ४.७ मिमी भरली असं धरू.

आता तुकड्यांची मापं काढू. दोन आखूड भिंती दोन लांब भिंतींच्या मध्ये बसतील, म्हणून त्यांची रुंदी आतल्या मापाइतकीच, १५० मिमी. लांब भिंतींना ३०० अधिक दोन जाड्या म्हणजे ३०९.४ मिमी पुरेसे असतात, पण तेवढ्याच कापू नका. दोन्ही टोकांना २ मिमी जादा ठेवून ३१३.४ मिमी कापा. छत १५९.४ बाय ३०९.४ लागतं, तेही चारही बाजूंनी २ मिमी वाढवून १६३.४ बाय ३१३.४ मिमी घ्या. चारही भिंतींची उंची २५१ मिमी ठेवा, कारण वरची कड नंतर घासून सपाट करायची आहे. हे सगळं साधारण तीन चौरस फुटांत बसतं. चार चौरस फूट घ्या, म्हणजे चाचणीला तुकडे उरतील.

हा २ मिमीचा वाढीव काठ खूप कामाचा आहे. सांध्याच्या बाहेर त्याची एक अरुंद पायरी तयार होते. सुईचं टोक त्या पायरीवर टेकवून द्रावक सोडता येतं, सांडलेला थेंब तिथेच अडतो, आणि शेवटी काठ कापून टाकला की त्याच्यावरचे डागही जातात. शिवाय माप अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तरी पेटीच्या बाहेरच्या बाजूला ते दिसत नाही.

आता कडा. आपल्याकडे बहुतेकजण लेझरवर कापून घेतात, कारण कड काचेसारखी चकाकते. शोभेसाठी ती छानच असते, पण सांध्यासाठी तिच्यावर विसंबू नये. लेझरच्या उष्णतेने कडेलगतचा थर वितळून पुन्हा थिजलेला असतो आणि त्यात ताण अडकलेला असतो. त्यावर द्रावक पडलं की काही मिनिटांत किंवा काही दिवसांनी कडेशी काटकोनात बारीक तडे दिसू लागतात. ज्योतीने चकाकवलेल्या कडेचंही तेच होतं. लेझरवर कापणार असाल तर ज्या कडा जोडायच्या आहेत तिथे एक मिलिमीटर जास्त ठेवा आणि तो राउटरवर, कार्बाइडच्या धारदार सरळ बिटने उतरवून घ्या. सुदैवाने आपल्या रचनेत अशा कडा थोड्याच आहेत: दोन आखूड भिंतींच्या उभ्या कडा आणि नंतर चारही भिंतींची वरची कड. लांब भिंती आणि छत यांचा सपाट पृष्ठभाग जोडला जातो, कड नाही.

राउटर नसेल तर खरवडणं हा चांगला उपाय. सुताराचा स्क्रेपर किंवा जाड पोलादी पात्याची तीक्ष्ण चौकोनी पाठ कडेवर काटकोनात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता ओढा. ॲक्रिलिकची पातळ सलग साल निघाली पाहिजे. पावडर निघत असेल तर पात्याला धार नाही. करवतीच्या खुणा पूर्ण जाईपर्यंत ओढत राहा. हातात पॉलिशपेपर धरून कड घासू नका. तसं केलं की कडेचे दोन्ही कोन गोल होतात, आणि गोल झालेल्या कोनात द्रावक थांबून सांध्यालगत एक जाड, पाणीदार रेघ तयार होते. शेवटी कड सपाट काचेवर उभी करून मागे दिवा धरा. कुठेही उजेडाची फट दिसता कामा नये.

शीटवरची संरक्षक फिल्म सांध्याच्या दोन्ही अंगांना निदान दोन सेंटिमीटर मागे सोला. ती अगदी कडेपर्यंत ठेवली तर द्रावक तिच्या खाली खेचलं जातं आणि तिथला पृष्ठभाग कायमचा खराब होतो. सांध्यालगत लावलेल्या चिकटपट्टीचंही असंच होतं. फिल्म सोलताना शीटवर स्थिर विद्युत तयार होते आणि धूळ चिकटते, ती कोरड्या फडक्याने घासण्यापेक्षा ओलसर सुती कापडाने टिपा आणि पूर्ण वाळू द्या.

द्रावक कोणतं घ्यावं हे हवेवर ठरतं. एमडीसी ४० अंश सेल्सिअसला उकळतं, क्लोरोफॉर्म ६१ अंशांना. एमडीसी झटपट उडतं, सांधा लवकर धरतो, पण उडताना पृष्ठभाग इतका थंड करतं की दमट हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि सांधा पांढुरका होतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हे हमखास होतं. तेव्हा हळू उडणारं क्लोरोफॉर्म थोडं बरं, पण त्याहून बरं म्हणजे कोरड्या दिवसाची वाट पाहणं. विदर्भात मे महिन्यात उलट त्रास होतो. भर दुपारी एमडीसीची बाटली उघडली की ते जवळजवळ उकळीच्या काठावर असतं, आणि हाताच्या उबेने सुईतून आपोआप ठिबकायला लागतं. तिथे हे काम पहाटे करावं.

आता सावधगिरीचं सांगतो. दोन्ही द्रावकं विषारी आहेत. शरीरात गेलेल्या एमडीसीचं कार्बन मोनॉक्साइड बनतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एमडीसी बहुधा कर्करोगकारक गटात टाकलं आहे. क्लोरोफॉर्म यकृताला घातक आहे. दोघांची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणजे ती टेबलावरून खाली उतरून साचते. साधा मास्क निरुपयोगी आहे, कोळशाचं फिल्टर असलेला मास्कही एमडीसीपुढे फार वेळ टिकत नाही, आणि नायट्राइलचे पातळ हातमोजे काही मिनिटांत पारच होतात. म्हणून काम गच्चीत किंवा मोकळ्या व्हरांड्यात, वारा तुमच्याकडून पलीकडे जाईल असं बसून करावं, आणि हातमोज्यावर थेंब पडला की तो लगेच बदलावा. आसपास गॅसची शेगडी, उदबत्ती, निरांजन काहीही पेटलेलं नको. या वाफांचं ज्योतीत विघटन झालं की फॉस्जीनसारखा जीवघेणा वायू तयार होतो. द्रावक लहान बाटलीत, लागेल तेवढंच घ्या. क्लोरोफॉर्म गडद रंगाच्या बाटलीत ठेवतात, कारण उजेडात आणि हवेत ते जुनं होता होता त्यातही फॉस्जीन बनतं. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली बाटली वापरू नका.

द्रावक सोडायला औषधाच्या दुकानातली इंजेक्शनची पिचकारी बरेचजण वापरतात. तिच्या दट्ट्याचं रबर फुगून अडकतं, आणि जोर लावला की एकदम मोठा ओघळ येतो. पॉलिथिनची छोटी पिळायची बाटली आणि तिच्या तोंडाला २५ गेजची बोथट सुई, हे साधन योग्य. अर्धीच भरा. उलटी करण्याआधी बाटली किंचित दाबून थोडी हवा बाहेर काढा आणि उलटी करता करता दाब सोडा, म्हणजे सुई हवा आत ओढते आणि ठिबकत नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. द्रावक सांध्यात केशाकर्षणाने शिरतं, म्हणून जो सांधा करायचा तो आडवा, टेबलाशी समांतर हवा. उभ्या सांध्यात ते खाली ओघळतं. पहिली लांब भिंत सपाट टेबलावर काळ्या कागदावर आडवी ठेवा. तिच्यावर दोन्ही आखूड भिंती उभ्या करा, टोकापासून २ मिमी आत, मधलं अंतर बरोबर ३०० मिमी. अंतर राखायला ३०० मिमीचा लाकडी ठोकळा मध्ये ठेवा, आणि काटकोन गुण्याने तपासा. ठोकळ्यांचे खालचे कोपरे कापून टाका. ठोकळा सांध्याला टेकला तर द्रावक त्याच्याकडे धावतं.

यापुढे दोन रीती आहेत. एकीत भिंत तशीच टेकलेली असताना कडेने द्रावक सोडतात. छोट्या पेटीला ती पुरते. पण कडा फारच चपखल बसल्या असतील तर द्रावकाला शिरायला जागाच राहत नाही, आणि पृष्ठभाग मऊ व्हायच्या आत ते उडून जातं. दुसरी रीत तारांची, आणि बुडबुडे नको असतील तर मी तीच सुचवेन. विजेच्या लवचीक वायरमध्ये तांब्याच्या बारीक तारा असतात, साधारण ०.२ ते ०.३ मिमी जाडीच्या. त्यातल्या काही ताणून सरळ करा आणि उभ्या भिंतीच्या कडेखाली बाहेरून सरकवा. २५१ मिमी लांबीला चार तारा पुरतात, पहिली आणि शेवटची टोकापासून दोन सेंटिमीटरवर. तारेचं शेपूट बाहेर तीन-चार सेंटिमीटर राहू द्या. सगळ्या तारा एकाच वायरमधल्या हव्यात, नाहीतर फट असमान होते.

आता सुई पायरीवर टेकवून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश न्या. काळ्या कागदामुळे सांध्यात काय चाललंय ते दिसतं: जिथे हवा आहे तिथे चंदेरी चकाकी, जिथे द्रावक पोचलं तिथे ती चकाकी जाऊन काळं दिसतं. ही काळी कड आतल्या बाजूपर्यंत सरकली की सुई पुढे न्या. ओल्या कडेच्या पुढे उडी मारू नका आणि दुसऱ्या टोकाकडूनही सुरुवात करू नका. दोन ओहोळ मध्ये भेटले की त्यांच्यात हवा कोंडली जाते. एखादा चंदेरी ठिपका मागे राहिलाच तर भिंत अगदी किंचित, एखादा अंश, बाहेरच्या बाजूला कलवा. बहुतेक वेळा द्रावक तेवढ्याने आत शिरतं.

फट भरली की थांबा. एमडीसीला साधारण १५ ते ३० सेकंद, क्लोरोफॉर्मला थोडं जास्त. मग तारा एकेक करून, सांध्याशी समांतर पातळीत, अलगद बाहेर ओढा. भिंत स्वतःच्या वजनाने खाली बसते, मऊ झालेले दोन थर एकमेकांत दबतात आणि जास्तीचं द्रावक हवेसकट बाहेर येतं. हा क्षण नेमका साधावा लागतो. तारा लवकर काढल्या तर थर मऊ झालेला नसतो आणि सांधा कोरडा राहतो. उशीर झाला तर तारेच्या जागी आडवी खूण राहते. म्हणूनच उरलेल्या तुकड्यांवर, त्याच दिवशी, त्याच हवेत वेगवेगळे वेळ करून पाहा आणि जो स्वच्छ येईल तो धरा.

यानंतर दाबायचा मोह होतो, तो आवरा. या मापाची आखूड भिंत सुमारे २१० ग्रॅमची आहे. वर अर्ध्या किलोच्या आसपासचं पुस्तक ठेवलं तर बस. शिकंजा आवळला की मऊ थरातलं द्रावक पिळून निघतं, सांधा कोरडा पडतो, आणि शिकंजा सोडल्यावर ताण मोकळा होताना सांध्यात बारीक बुडबुडे उमटतात. पहिली पाच मिनिटं हात लावू नका. तासाभराने ही तीन बाजूंची चौकट हलवता येईल.

दुसरी लांब भिंत जोडण्याआधी चौकट काचेवर उपडी ठेवा आणि चारही कोपऱ्यांखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. एखाद्या कोपऱ्याखालून पट्टी सहज निघाली तर तिथे फट आहे, आणि द्रावक ती भरणार नाही. कड खरवडून सपाट करा. मग दुसरी भिंत आडवी ठेवून तिच्यावर चौकट उपडी करा आणि सगळं पुन्हा तसंच करा. इथे चौकटीचं वजनच पुरेसं असतं.

एक रात्र जाऊ द्या, मग लांब भिंतींचे वाढीव काठ उतरवा. बेअरिंग असलेल्या फ्लश-ट्रिम बिटने ते काही मिनिटांचं काम आहे. राउटर नसेल तर कानशीने जवळपास आणा आणि स्क्रेपरने संपवा.

आता नळकांड्यासारख्या चौकटीची वरची कड सपाट करायची. इथे हातात धरून घासायचं नाही. जाड काचेवर २२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा, चौकट त्यावर उभी करून एकाच दिशेने ओढा, मग ४०० नंबरवर. चारही कडांवर खुणा एकसारख्या दिसल्या की थांबा, आणि शेवटी स्क्रेपरचा एक हलका हात फिरवा. छत काळ्या कागदावर ठेवून त्यावर चौकट उपडी उभी करा, चारही बाजूंना २ मिमीची पायरी राहील अशी, आणि तारा सरकवा. एका कोपऱ्यापासून निघून एकाच दिशेने चारही बाजू पुऱ्या करा. तुकडा मोठा असल्याने एमडीसी वापरत असाल तर पहिली बाजू वाळू लागण्याआधी चौथी गाठायला हवी. हात तेवढा बसला नसेल तर छतापुरतं क्लोरोफॉर्म बरं.

या टप्प्यावर एक धोका असतो, तो फारसा कुणी सांगत नाही. उपडी पेटी म्हणजे आता वर तोंड असलेला हौद, आणि द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड. ती पेटीच्या तळाशी साचून राहते आणि आतल्या बाजूने ॲक्रिलिक धुरकट करते, कधी कडांशी तडेही आणते. म्हणून अर्ध्या तासाने सांधा धरला की पेटी अलगद आडवी करा, तोंड वाऱ्याच्या दिशेने ठेवून पंख्याचा झोत लांबून सोडा. वाफ ओतल्यासारखी बाहेर जाते.

छताचा काठ दुसऱ्या दिवशी उतरवा. कापलेल्या कडा चकाकवायच्या असतील तर ६०० आणि १००० नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्यावर लावून घासा आणि प्लॅस्टिकसाठीच्या पॉलिशने पुसा. ज्योत वापरू नका, सांध्यात अजून द्रावक आहे आणि उष्णतेने तिथे बुडबुडे फुगतात.

एवढं करूनही एखादा बुडबुडा राहिला तर काय? चंदेरी डाग सांध्याच्या कडेपर्यंत पोचत असेल तर सुईने तिथे एक थेंब सोडला की तो बहुतेक भरतो, विशेषतः पहिल्या काही तासांत. चारही बाजूंनी बंद झालेला ठिपका तसाच राहू द्या. खोदून काढायला गेलात तर त्याच्याहून मोठी जखम होते. सांध्यालगत पांढुरकी झाक असेल तर ती बहुतेक वरवरची असते आणि पॉलिशने जाते. आतपर्यंत पांढरं असेल तर सांधा कमजोर आहे, आणि उचलताना पेटीला खालून आधार द्यावा लागेल.

हाताळण्याजोगा सांधा दिवसाभरात होतो, पण आतलं द्रावक पूर्ण जायला आठवडे लागतात. गलबतावर रंग किंवा वॉर्निश असेल तर पेटी निदान आठवडाभर उघडी ठेवून वास पूर्ण गेल्यावरच त्यावर ठेवा, कारण कोंडलेली वाफ रंगही मऊ करते. नंतर पुसायला कोमट पाणी, साध्या साबणाचा थेंब आणि सुती कापड पुरे. अमोनिया असलेला काचेचा फवारा आणि सॅनिटायझर दूर ठेवा. अमोनियाने आणि अल्कोहोलनेही कडांशी तेच केसासारखे तडे येतात, आणि एकदा आले की पॉलिशने जात नाहीत.